पाच-एकतीस वेळेवर आहे

पाळणाघराच्या काकूंनी दार उघडलं, तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. आत एकच दिवा चालू होता. बाकीच्या पोरांच्या गाद्या गुंडाळून भिंतीला लावलेल्या, खेळणी टोपलीत, फरशी पुसून वाळलेली. ठकू तेवढी पायात बूट, पाठीला दप्तर अशी पायपुसण्यावर बसली होती. अडीच वर्षांचं पोर ते, बसल्या बसल्या पेंगत होतं.

"काकू, सॉरी. खरंच सॉरी. पाच-एकतीस रद्द झाली. मी दोनदा फोन केला, मग मेसेज टाकला..."

"मेसेज मिळाला," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. पोरांवर चढवायचा नाही म्हणून लावलेली सवय मोठ्यांशी बोलतानाही टिकली होती, आणि मोठ्यांना त्या आवाजाची जास्त भीती वाटायची. "आणि हेही मिळालं."

त्यांनी फोन ठकूच्या आईच्या नाकासमोर धरला. हिरवी रेघ, रेघेवर हिरवा ठिपका. खाली लिहिलं होतं: पाच-एकतीस, वेळेवर. आगमन सहा-बारा. आणि त्याखाली, एका फुलाच्या चित्रासकट: तुमची व्यक्ती पोहोचली.

"सहा-बाराला तुम्ही उतरलात. स्टेशन समोर आहे, जिना चढायला चार मिनिटं. मी सव्वासहाला हिला बूट घातले. तासभर पोर बूट घालून बसलंय."

"काकू, मी उतरले नाही हो! मी चढलेच नाही! गाडी आलीच नव्हती!"

"पण गाडीत बसले हे तुम्हीच कळवलंत. पाच-एकोणतीसला." काकूंनी बोटानं फोनचा पडदा वर सरकवला. होतं. तिच्या फोनवरून, तिच्या बोटानं: मी गाडीत आहे.

दाबलं होतं खरं. ती रोजच दाबायची, फलाटावर उभ्या उभ्या, गाडी लांबून दिसायच्याही आधी. सगळेच दाबायचे. एकदा आत शिरलं की एक हात दांडीला, दुसऱ्यात डबा आणि पर्स, बोगद्यात नेटवर्क नाही. मग बटण दाबायचं कधी? दाबलं की ॲप आपल्या स्टेशनाआधी घंटी वाजवतं आणि ज्याला लिंक पाठवली त्याला गाडी कुठवर आली ते दिसतं. काकूंनी सगळ्या पालकांना हे ॲप सक्तीचंच केलं होतं. "कुठवर आलात, कुठवर आलात, असे वीस फोन मी संध्याकाळी घेणार नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. साडेसहाची वेळ. महिन्यात तीनदा चुकली तर जागा दुसऱ्याला. ही तिसरी.

"उशीर मी समजून घेतला असता," काकू म्हणाल्या. "तिसरा काय, चौथाही घेतला असता. पण माझ्या तोंडावर खोटं बोलायचं? कुठं जायचं होतं तासभर, तर सांगायचं की सरळ. बाजार असेल, मैत्रीण असेल. माणूस आहे, मी काय नाही म्हटलं असतं का?"

"मी खोटं बोलत नाहीये."

"शनिवारपर्यंत आणा हिला. सोमवारपासून दुसरीकडं बघा."

ठकूला उचलून ती जिना उतरली. दुसरीकडं बघायचं म्हणजे कुठं? ठकू पोटात होती तेव्हापासून तिनं पाळणाघरं पालथी घातली होती. एकात पंधरा पोरांमागे एक पोरगी, दुसऱ्यात दिवसभर टीव्ही, तिसऱ्यात चौदा महिन्यांची रांग. नवऱ्याची दुसरी पाळी. दुपारी दोनला तो कारखान्यात जायचा तो अकराला यायचा. काकूंकडची जागा गेली म्हणजे लॅबमधली नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं. रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावण्यापासून सुरुवात करून सहा वर्षांनी ती मशीनवर बसली होती. आणि आता एका हिरव्या ठिपक्यानं तिला खोटारडी ठरवून घरी बसवायचं ठरवलं होतं.

त्यात तिच्या रागाला घरातलाच धनी होता. ते ॲप तिच्या दिराच्या कंपनीचं होतं.

दीर दर बुधवारी जेवायला यायचा. एकटा राहायचा, बाहेरचं खाऊन कंटाळायचा, आणि आला की ठकूला खांद्यावर घेऊन घरभर रेल्वे करायचा. या बुधवारी तो बूट काढतोय तोच तिनं त्याला गाठलं.

"भावजी, बसा. जेवण नंतर. आधी मला सांगा, काल पाच-एकतीस रद्द झाली, आणि तुमच्या ॲपमध्ये ती वेळेवर पोहोचली कशी?"

"काल? काल सिग्नलचं काम होतं ना," तो खुर्चीत टेकत म्हणाला. "हा आठवडाभर आहे. रद्द गाड्यांची यादी रेल्वेकडून आम्हाला तासातासानं येते, वहिनी. मधल्या वेळात आम्ही अंदाज करतो."

"अंदाज? वर तर 'लाइव्ह' लिहिलंय."

"लाइव्हच आहे ते. लोकांच्या फोनवरून आहे." आवडीचा विषय निघाल्यासारखा तो पुढं सरकला. पाण्याचा तांब्या हे स्टेशन, काडेपेटी ही गाडी, असं टेबलावर मांडायलाही लागला. "बघा. इथं स्टेशनावर चाळीस लोक दाबतात, मी गाडीत आहे. आम्हाला कळतं, गाडी लागली. मग ते चाळीस फोन हलायला लागतात, आम्हाला कळतं, गाडी निघाली. फोन पुढं, ठिपका पुढं."

"आणि फोन हललेच नाहीत तर?"

"काही फोन रोजच हलत नाहीत. कुणी दाबतं आणि चढायला जमत नाही, मागं राहतं. म्हणून जे फोन जागेवर आहेत ते आम्ही सोडून देतो. ज्यांची गाडी चुकली ते, असं धरतो."

तिनं तांब्या उचलला आणि बाजूला आपटला. पाणी त्याच्या बाहीवर उडालं.

"काल फलाटावर चाळीसच्या चाळीस उभे होते. त्या सगळ्यांची गाडी चुकली?"

दीर मान खाजवत म्हणाला, "हं. सगळेच जागेवर असले तर... मग काही उरत नाही, म्हणून ते वेळापत्रकानं पुढं सरकतं."

"म्हणजे चाळीस माणसं खोटी आणि वेळापत्रक खरं."

"असं नका म्हणू, वहिनी. शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर असतं. आधी अशा वेळी आम्ही ठिपका राखाडी करायचो. 'माहिती नाही' असं लिहायचो. लोक ॲप बंद करून टाकायचे! हिरवा ठेवला तर उघडं ठेवतात. तो बदल मीच सुचवला होता." एवढं बोलून त्याच्या लक्षात आलं की आपण हे अभिमानानं बोललो. "आणि लिंक गाडीची असते, तुमची नाही. मुद्दाम. बायका कुठं आहेत हे कुणालाही दिसू नये म्हणून. तुमच्याच सुरक्षेसाठी."

"मग 'तुमची व्यक्ती पोहोचली' कुणी लिहिलं?"

तो बाही पिळत बसला.

"तुम्हीच ना?"

"जरा आपुलकीचं वाटावं म्हणून."

तिचा हुंकार मोठा आला. आतल्या खोलीत ठकू दचकून रडायला लागली. तिला घेऊन, थोपटत, दात आवळून ती म्हणाली, "तुमच्या आपुलकीपायी हिची जागा जातेय. आत्ताच्या आत्ता काकूंना फोन लावा आणि सांगा. ॲप चुकलं, माझी वहिनी खरं बोलत होती. एवढंच."

"मला तसं सांगता येत नाही, वहिनी."

"का? जीभ झडते?"

"बाहेरच्या माणसाला कंपनीतर्फे... माझ्या वरच्याला कळलं तर? उद्या त्या बाईंनी कुठं लिहिलं, की कंपनीचाच माणूस म्हणतो लाइव्ह खोटं आहे..."

"तुमची नोकरी जाईल म्हणून भीती वाटतेय."

"हो. स्पष्टच सांगतो."

"मला पण तीच वाटतेय," ती म्हणाली. "जेवून घ्या. आमटी गार होतेय."

तो जेवला नाही. ताटावर बसला, दोन घास चिवडले आणि उठला. जाताना म्हणाला, मीटिंगमध्ये मांडतो. कधीच्या, ते म्हणाला नाही.

सकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं चहा ओतता ओतता ऐकलं. "त्याला नको तोडूस एवढं. लहान आहे."

"एकोणतीस वर्षांचा घोडा आहे तो! अडीच वर्षांची लहान आहे, ती तिकडं बूट घालून बसली होती."

"मग मी येतो काकूंशी बोलायला."

"तू येऊन काय सांगणार? माझी बायको खरी आहे? त्यांनी डोळ्यांनी बघितलंय मी पोहोचलेली. आता त्यांना डोळ्यांनीच न पोहोचलेली दाखवायला पाहिजे."

तिच्या डोक्यात जे शिजत होतं ते सोपं होतं. पाळणाघर स्टेशनाच्या अगदी समोर, पहिल्या मजल्यावर. खिडकीतून फलाटाचं टोक दिसायचं, भोंग्यावरची घोषणा शब्द न् शब्द ऐकू यायची. 'मी गाडीत आहे' हे बटण स्टेशनच्या आसपासच चालायचं, आणि काकूंची खिडकी त्या आसपासमध्येच यायची. सिग्नलचं काम आठवडाभर होतं. फक्त एखादी गाडी रद्द व्हायला हवी होती, आणि त्या वेळी ती फलाटावर नसून काकूंसमोर बसलेली असायला हवी होती.

गुरुवारी ती ठकूला सोडून तिथंच थांबली. काकूंनी विचारलं, तर म्हणाली, "गाडीला वेळ आहे." आठ-एकतीस गेली. आठ-चाळीस गेली. आठ-बावन्न, नऊ-चार. रोज दोन-दोन, तीन-तीन गाड्या खाणाऱ्या रेल्वेला नेमकी त्याच दिवशी वेळ पाळायची हुक्की आली. लॅबमध्ये पोहोचायला सव्वादहा झाले. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर घड्याळाकडे बोट केलं. तिनं खाली मान घालून हातमोजे चढवले, आणि दिवसभर तिच्या मनात एकच चाललं होतं: उद्याचा शुक्रवार. मग शनिवार. मग संपलं.

शुक्रवारी तिनं लॅबला आधीच कळवलं, अकराला येते, पगार कापा. आणि पुन्हा काकूंकडं जाऊन पोरांच्या टीचभर लाल खुर्चीत बसली. गुडघे हनुवटीला लागत होते.

"तुमचा रोजचा मुक्काम इथंच का आता?" काकू दूध गाळत म्हणाल्या. "विनवण्या करून माझं मत बदलत नाही हां. आधीच सांगते."

"विनवणी नाही करत."

"मग?"

"बसलेय."

आठ-एकतीस आली. आठ-चाळीस आली. फलाटाचं टोक माणसांनी भरायला लागलं. मान खाली, अंगठा फोनवर, सगळी आपापलं बटण दाबत असलेली. तिनंही फोन काढला, आठ-बावन्न निवडली, 'मी गाडीत आहे' दाबलं आणि लिंक काकूंना पाठवली. ओट्यावर काकूंचा फोन टुणकन वाजला.

"हे काय पाठवलंत?"

"असू दे. बघा नंतर."

आणि मग भोंगा खरखरला. आठ बावन्नची गाडी आज रद्द करण्यात आली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. फलाटावरून एक सामुदायिक शिवी उठली, ती खिडकीपर्यंत आली. काकूंनी सवयीनं ठकूच्या कानांवर हात ठेवले.

ती उठून उभी राहिली. खुर्ची तिच्याबरोबर उठली, तिनं ती हातानं सोडवली.

"काकू, ऐकलंत ना? आठ-बावन्न रद्द."

"ऐकलं. मग?"

"घड्याळ बघा. आणि फोन बघा."

काकूंनी ओले हात पदराला पुसले, चष्मा लावला. आठ-त्रेपन्न. हिरव्या रेघेवरचा हिरवा ठिपका स्टेशनातून बाहेर पडला होता. आठ-सत्तावन्नला तो पुढच्या स्टेशनात शिरला, अर्धं मिनिट थांबला, निघाला. पडद्यावर आलं: तुमची व्यक्ती प्रवासात आहे. गाडी वेळेवर.

काकूंनी खिडकीतून बघितलं. रूळ रिकामे होते, फलाट भरलेला. त्यांनी फोन बघितला. मग तिला बघितलं. नखशिखांत, जणू ती खरंच तिथं आहे का याची खात्री करत.

"तुम्ही इथं आहात," काकू म्हणाल्या.

"हो. आणि पुढच्या स्टेशनावरही आहे. मंगळवारी मी तिकडच्या फलाटावर उभी होते आणि तुमच्या दाराशी पोहोचले होते. थांबा, अजून एक ऐका."

तिनं दिराला फोन लावला आणि आवाज मोठा केला. तो ऑफिसात होता. मागं कीबोर्डांची टकटक ऐकू येत होती.

"भावजी, आठ-बावन्न कुठं आहे हो? मला पटकन सांगा."

"थांबा हं, बघतो." टकटक. "हां. पुढचं स्टेशन सोडलंय. अगदी वेळेवर आहे, वहिनी. कुठं आहात तुम्ही? फलाटावर?"

काकूंनी तिच्या हातातून फोन ओढून घेतला.

"मी पाळणाघराची बाई बोलतेय," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, खालचा. ठकूसकट सगळी पोरं गप्प झाली. "तुमची वहिनी माझ्या घरात उभी आहे. गाडी पाच मिनिटांपूर्वी रद्द झाली, माझ्या कानांनी ऐकली. तुम्ही आत्ता ती कुठं बघितलीत?"

"दिसतेय ती," दीर म्हणाला. "स्क्रीनवर."

"तुम्ही काय आहात तिथं?"

"मी... ते लाइव्हचं काम माझ्याकडं आहे."

"मग तुम्हाला ठाऊक होतं."

"बाई, शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा..."

"माझ्याकडं अकरा पोरं आहेत. शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा सांभाळते म्हटलं तर आणून ठेवाल का तुमची पुतणी?" त्यांनी फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडं एकदा बघितलं आणि तिला परत दिला. "तुमचा दीर आहे, तुम्ही बोला. माझ्या तोंडून वाईट निघेल."

ती फोनवर म्हणाली, "ऐकलंत? आता मीटिंगची वाट नका बघू. ठिपका राखाडी करा. माहिती नसेल तर माहिती नाही म्हणा. लाज वाटते का तेवढं म्हणायला?" आणि त्याच्या 'वहिनी, वहिनी' वर फोन ठेवला.

तिला वाटलं होतं की हे झालं की आतून मोकळं वाटेल. नाही वाटलं. तीन दिवस ती झोपली नव्हती, लॅबमध्ये बोलणी खाल्ली होती, पगार कापून घेतला होता, आणि एवढं करून तिनं सिद्ध काय केलं, तर ती स्वतः जिथं होती तिथंच होती.

"सोमवारी आणा हिला," काकू म्हणाल्या. "नेहमीसारखी."

"तुम्ही मला खोटारडी म्हणालात."

"म्हणाले."

"ठकूसमोर."

"हो." काकू लाल खुर्चीकडं बघत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माफी त्यांनी मागितली नाही. मागतील असंही वाटेना, कारण त्यांच्या चेहऱ्यावर आता काही वेगळंच चाललं होतं. त्या मनातल्या मनात काहीतरी मोजत असल्यासारखी त्यांची बोटं ओट्यावर हलत होती.

"जुळ्यांची आई आठवते तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "बँकेतली. उंच."

आठवत होती. मागच्या थंडीपर्यंत यायची. मग बंद झाली.

"तीही असंच म्हणाली होती. गाडी आलीच नाही, काकू, शप्पथ. रडली इथं, या दारात. मी तिला फोन दाखवला. पोहोचली म्हणून." काकूंनी तोंडावर हात ठेवला आणि बोटांमधून बोलल्या, "तिनं नोकरी सोडली. मला दुसऱ्या एका आईनं सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं, पोरांना वेळ देईल."

फलाटावर पुन्हा भोंगा खरखरला. नऊ-चार येत होती. ती गाठली असती तर ती दहापर्यंत लॅबमध्ये पोहोचली असती. ती जागेवरून हलली नाही.

"लावा तिला फोन," ती म्हणाली.

"आता? इतक्या महिन्यांनी? काय सांगू?"

"मला काय विचारता? तिला त्या दिवशी ज्या आवाजात सांगितलंत त्याच आवाजात सांगा. चुकलं म्हणून सांगा."

काकूंनी नंबर शोधला. अजून होता, 'जुळे आई' असाच. फोन वाजत राहिला. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, पर्स खांद्याला, आणि काकूंच्या चेहऱ्यावरून नजर हटवत नव्हती. एकटं सोडलं तर त्या दोनदा वाजल्यावर फोन ठेवून देतील, असं तिला वाटत होतं.

पलीकडून "हॅलो" आलं. मागं दोन पोरं भांडत होती.

"मी बोलतेय," काकू म्हणाल्या. "पाळणाघरातून."

पोरांचा आवाज दूर गेला. बाई दुसऱ्या खोलीत गेली असावी, दार लावल्याचा आवाज आला.

"बोला," ती बाई म्हणाली. "काय राहिलं होतं सांगायचं?"

काकूंनी तिच्याकडं बघितलं. ती दारातून बाजूला झाली नाही.

"त्या दिवशीची गाडी," काकू म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला, "आली नव्हती. तुम्ही खरं बोलत होता."